नाव ठेवण्याआधी नावं ठेवा: नोकरदारांच्या सायकल क्लबसाठी

सायकल क्लब काढायचं ठरलं की पहिला आठवडा ग्रुपवर नावं सुचवण्यात जातो. आमचंही तेच झालं. आम्ही १४ जण, सगळे नोकरदार. त्यातले पाचच रोज सायकलने ऑफिसला जायचे. बाकीच्यांना जायची इच्छा होती, पण रस्त्याची धास्ती होती. चार दिवसांत ३१ नावं जमली. निम्मी विनोद म्हणून टाकलेली होती, आणि मतदान घेतल्यावर विनोदच जिंकला: 'पंक्चर पार्टी'. सगळे खूश. दोन दिवसांनी ऑफिसच्या इमारतीत सायकली उभ्या करायला जागा मिळावी म्हणून अर्ज लिहायला बसलो. 'आम्ही, पंक्चर पार्टीचे सभासद, विनंती करतो की' इथपर्यंत आलो आणि हात थांबला.

मग पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी क्रम उलटा ठेवला. आधी प्रत्येक नावाला मनसोक्त नावं ठेवायची, म्हणजे खोडी काढायच्या, आणि जे उरेल ते क्लबला ठेवायचं. नव्याने क्लब काढणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून तो क्रम इथे मांडतो.

आधी काम एका वाक्यात लिहा

नाव सुचवण्याआधी क्लब नेमकं काय करणार ते एका वाक्यात लिहून काढा. हे सोपं वाटतं, पण आमचा अर्धा वाद इथेच होता. काही जणांच्या मते क्लब म्हणजे सुट्टीच्या दिवशीची लांबची चक्कर. बाकीच्यांच्या मते सोमवार ते शुक्रवार ऑफिसला जाणं हेच खरं काम. दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर होत्या, म्हणून दोन्ही गोष्टी एकमेकींशी कशा जोडल्या आहेत ते पाहावं लागलं.

उत्तर तालमीत सापडलं. नवखा माणूस सोमवारी सकाळी पहिल्यांदाच गर्दीत सायकल घालतो, घाबरतो, आणि मंगळवारी सायकल परत जिन्याखाली जाते. तोच रस्ता त्याने आदल्या रविवारी सकाळी, रहदारी नसताना, एखाद्या अनुभवी सायकलस्वारामागून केला, तर वळणाऱ्या गाड्या कुठे आडव्या येतात, गटाराच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेला समांतर कुठे आहेत, कोणता चौक पायी ओलांडलेला बरा, हे त्याला आधीच कळतं. किती वेळ लागतो तेही समजतं. म्हणजे सुट्टीची राइड ही कामाच्या दिवसाची रंगीत तालीम. आमचं वाक्य असं झालं: 'सुट्टीच्या दिवशी रस्त्याची तालीम करून नोकरदारांना कामाच्या दिवशी धडधाकट ऑफिसला पोचवणं.'

वाक्य लिहून झाल्यावर ३१ पैकी सात नावं आपोआप गळली. ज्यांत रविवार, वीकेंड, पहाट, भटकंती असे शब्द होते, ती तालमीचं नाव सांगत होती, नाटकाचं नाही. शिवाय राइड रविवारवरून शनिवारवर गेली की 'रविवार' हा शब्द जन्मभर समजावत बसावा लागतो.

नावात काम कोंबलं की काय होतं, याचा सगळ्यात लांब चाललेला धडा ब्रिटनमधला आहे. तिथे १८७८ मध्ये 'बायसिकल टुरिंग क्लब' स्थापन झाला. त्या काळी तीन चाकांची ट्रायसिकल चालवणारेही बरेच होते. त्यांना सामावून घ्यायचं तर 'बायसिकल' हा शब्द आड येत होता. म्हणून १८८३ मध्ये नाव बदलून 'सायक्लिस्ट्स टुरिंग क्लब' केलं. पुढे संस्थेचं काम रस्त्यावरच्या सायकलस्वारांचे हक्क आणि सुरक्षितता यांकडे पसरत गेलं, पण नावात मात्र सहल राहिली. २०१६ मध्ये तिने 'सायकलिंग यूके' हे नाव घेतलं. दोन्ही वेळा अडचण आली ती नावातल्या सर्वांत नेमक्या शब्दाची. अमेरिकेत १८८० मध्ये निघालेली 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' १९९४ मध्ये 'लीग ऑफ अमेरिकन बायसिकलिस्ट्स' झाली, तिथे 'मेन' हा शब्द नडत होता. आपल्याकडे वीर, बहाद्दर, गडी ही त्याच जातीची नावं. आमच्या १४ जणांत सहा बायका होत्या. 'चाकवीर' कोणी सुचवलं होतं ते अजून गुपित आहे.

शब्दाचा रस्त्यावरचा अर्थ पाहा

कोशातला अर्थ एक आणि आज लोकांच्या डोक्यात येणारा अर्थ दुसरा, असे मराठीत बरेच शब्द आहेत, आणि सायकलच्या बाबतीत ते हमखास फसवतात. 'दुचाकी' हा त्यातला पहिला. सायकलला चाकं दोनच, पण 'दुचाकीस्वार जखमी' अशी बातमी वाचल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे सायकल येत नाही, मोटारसायकल येते. 'बायकर्स' आणि 'रायडर्स' यांचंही तसंच. आमच्या यादीत 'ऑफिस रायडर्स' होतं. ते आम्ही एका अनोळखी माणसाला फोनवर सांगितलं, तर त्याने विचारलं, 'कुठली बाइक?'

'सुरक्षा' हा शब्द तर क्लबच्या हेतूतच आहे, म्हणून चार नावांत होता. 'सुरक्षा सायकल संघ' हे नाव ऐकल्यावर पहारेकरी पुरवणारी एजन्सी आठवते, सायकल नाही. पण खरी अडचण वेगळी आहे. 'सुरक्षित' असं नावातच लिहिलं की ते वचन होतं. रस्त्यावर दुसऱ्याच्या चुकीनेही आपण पडतो, आणि त्या दिवशी ते वचन टोमणा होऊन परत येतं.

याउलट वेगाची नावं. सुसाट, वादळ, भन्नाट, बुलेट. तरुण पोरांना हीच आवडतात, आणि त्यांच्यासाठी मी एक कसोटी ठेवली आहे. तिला मी बातमीची कसोटी म्हणतो. नाव घ्या आणि ते या वाक्यात घाला: 'काल सकाळी चौकात मोटारीची धडक बसून ... क्लबचा एक सभासद जखमी झाला.' रिकाम्या जागी 'सुसाट' टाकून वाचा. चूक मोटारवाल्याची असली तरी वाचणारा निकाल देऊन मोकळा होतो. शिवाय ज्यांच्यासाठी क्लब काढला, ते धास्तावलेले नऊ जण असं नाव वाचून यायचेच नाहीत. त्यांना वाटतं, आपण मागे पडू. आणि जे येतात ते मागच्यांसाठी थांबत नाहीत.

हीच गोष्ट सायकलिंगच्या जाणकार शब्दांची. 'ऑडॅक्स' किंवा 'रँडॉनर' हे शब्द झोकदार वाटतात, पण त्या प्रकारात सगळ्यात छोटी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची राइड, २०० किलोमीटरची असते आणि ती साडेतेरा तासांत संपवायची असते. आठ किलोमीटरवरच्या ऑफिसला जाऊ पाहणाऱ्याला हा शब्द दारातूनच परत पाठवतो.

रहदारीशी भांडणारं नाव असावं का, यावर आमच्यात बराच वाद झाला. सॅन फ्रान्सिस्कोत सप्टेंबर १९९२ मध्ये संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी सायकलस्वारांनी एकत्र फिरायला सुरुवात केली. त्या पहिल्या राइडचं नाव 'कम्यूट क्लॉट' होतं, म्हणजे ये-जा करणाऱ्यांची गुठळी. थोड्याच दिवसांत ते नाव मागे पडलं आणि 'क्रिटिकल मास' रूढ झालं. हा शब्द एका माहितीपटातला. चीनमधल्या चौकात सायकलस्वार पुरेसे जमेपर्यंत थांबतात आणि मग एकदम निघतात, त्या प्रकाराला तो लावला होता. पहिलं नाव म्हणत होतं, आम्ही रस्ता अडवतो. दुसरं म्हणत होतं, आम्ही पुरेसे आहोत. रस्ता तोच, माणसं तीच, पण दुसऱ्या नावाने जगभर राइड्स निघाल्या. आमच्या यादीतलं 'चक्काजाम' त्याच दिवशी खोडलं. ज्या कार्यालयाकडे खड्डे बुजवायचा अर्ज न्यायचा, त्याच्या टेबलावर हे नाव ठेवून काम व्हायचं नाही.

नावात कंपनीचं नाव घालायचा मोह होतो, तोही इथेच संपवा. लेखी परवानगी लागते, नोकरी बदललेला सभासद परका होतो, आणि राइडमध्ये कोणी पडलं तर कंपनीचा कायदेविभाग सगळ्यात आधी तुमच्या नावावर आक्षेप घेतो.

ओरडून पाहा

ही कसोटी फारसं कोणी घेत नाही, आणि सायकल क्लबच्या नावाला तीच सगळ्यात महत्त्वाची.

गटाने सायकल चालवताना पुढचा माणूस मागच्यांना ओरडून सूचना देतो: खड्डा, डावीकडे, गाडी मागून, थांबतोय. वारा आणि रहदारी यांच्या आवाजात मागच्याला शब्द अर्धाच ऐकू येतो आणि तो अर्ध्या शब्दावर हातपाय हलवतो. क्लबचं नावही रस्त्यावर ओरडलं जातंच. कोणी मागे राहिलं, कोणी चुकीच्या गल्लीत वळलं, की हाक क्लबच्या नावाने जाते. तेव्हा नावाचा कुठलाही तुकडा सूचनेसारखा ऐकू येता कामा नये.

आमच्या यादीत 'वीकेंड ब्रेक' होतं. सुट्टीच्या अर्थाने छान. पण बोलताना लोक नाव तोडतात आणि उरतो 'ब्रेक'. दहा सायकली दोन-दोन हातांच्या अंतराने चालल्या असताना मागून कोणी 'ब्रेक!' ओरडलं, की मधला माणूस दोन्ही ब्रेक दाबणार आणि त्याच्या मागचा त्याच्या चाकात जाणार. 'सिग्नल मंडळी' याच कारणाने गेलं.

याच कसोटीवर मला सगळ्यात आवडलेलं नाव पडलं. 'ये-जा'. ऑफिसला रोज येण्याजाण्याला मराठीत याहून नेमका शब्द नाही. दोन अक्षरं, सोपं, उपरेपणा अजिबात नाही. पण आमच्यातली एक जण म्हणाली, 'चौकात ओरडून बघ.' एका रिकाम्या गल्लीत चार सायकली घेऊन करून पाहिलं. पंचवीस पावलांवर 'ये' हवेत विरलं आणि 'जा' तेवढं पोचलं. चौकाच्या तोंडाशी थांबलेल्या माणसाला मागून 'जा' ऐकू येणं म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांनी रस्ता ओलांडणं. आमचा नियमच आहे की चौकात कोणी कोणाला 'जा' किंवा 'मोकळं आहे' म्हणायचं नाही, प्रत्येकाने स्वतः पाहायचं. नाव गेलं. मला दोन दिवस वाईट वाटलं.

रोमन लिपीत टाइप करून पाहा

नाव मराठी असलं तरी ते अर्ध्या ठिकाणी रोमन अक्षरांत टाइप होणार: सोशल मीडियावरचं हँडल, ईमेल, नोंदणीचा फॉर्म, ऑफिसची अंतर्गत यादी. तिथे स्वर लांब की आखूड ते कळत नाही, शब्दांमधली जागा नाहीशी होते, मोठी अक्षरं बारीक होतात.

'रपेट' हा किती गोड शब्द आहे. घोड्यावरची असो की सायकलवरची, मोकळी फेरी म्हटलं की हाच शब्द. यादीत तो पहिल्या तीनांत होता. मग कोणीतरी `rapet` असं टाइप करून ग्रुपवर टाकलं आणि कोणी काही बोललं नाही. इंग्रजी डोळ्याला त्यातली पहिली चार अक्षरं आधी दिसतात. मराठी न येणारे सहकारी ज्या क्लबमध्ये यायला हवेत, तिथे हे नाव चालणं शक्यच नव्हतं. 'पायडल' घ्या. आपण लहानपणी हाफ पायडल मारत सायकल शिकलो तो शब्द. तो `paidal` झाला की हिंदीभाषक त्याला 'पैदल' वाचतो, आणि सायकल क्लब पायी चालणाऱ्यांचा होतो. 'सायकल सफर'चं `cyclesafar` झाल्यावर एकाने ते मोठ्याने वाचलं आणि त्यात इंग्रजीतलं 'सफर', म्हणजे सोसणं, ऐकू आलं. चढावर ते खरंही असतं, पण नाव म्हणून नको.

हे तपासायची सोपी रीत अशी. सायकलशी संबंध नसलेल्या दहा जणांना फोन करा, नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि त्यांना ते रोमन अक्षरांत टाइप करून पाठवायला सांगा. पाच-सहा जणांचं एकच स्पेलिंग आलं आणि उरलेल्यांचं एक-दोन प्रकारांत बसलं, तर नाव वापरता येईल. दहा जणांची सहा स्पेलिंग आली, तर लोक तुम्हाला शोधून सापडणार नाहीत. मग आलेली स्पेलिंग मराठी न येणाऱ्या दोघांकडून मोठ्याने वाचून घ्या. रपेटची खोड तिथे निघाली असती.

लांबीचंही इथेच पाहा. एक्सवर हँडल १५ अक्षरांचं, इन्स्टाग्रामवर ३० अक्षरांचं. १५ मध्ये बसलं तर सगळीकडे एकच हँडल ठेवता येतं. 'नोकरदार सायकल मंडळी' रोमनमध्ये लिहून मोजा म्हणजे कळेल.

विभक्ती लावून पाहा

मराठीत नाव कधी एकटं येत नाही. त्याला -ची, -ला, -मध्ये, -कडून चिकटतात, आणि काही नावं त्यात रूप बदलतात. 'घोळका' सुचवलं गेलं, गोड होतं, पण वाक्यात आलं की 'घोळक्याची राइड', 'घोळक्याकडून अर्ज'. 'कट्टा'चं 'कट्ट्याला'. मूळ रूप वाक्यात दिसतच नाही, म्हणून कोणी शोधलं तर अर्ध्या ठिकाणी सापडत नाही, आणि नवखा माणूस मूळ नाव काय ते विचारत बसतो. व्यंजनाने संपणारी नावं बहुधा जशीच्या तशी राहतात. पाच वाक्यं लिहून पाहा: आमंत्रण, अर्ज, तक्रार, बातमी, आभार. ती वाचताना कुठे जीभ अडते ते लगेच समजतं.

उरलेल्या दोन नावांचा निकाल

इथपर्यंत आमच्याकडे दोन नावं राहिली: 'चाकमानी' आणि 'सावकाश'.

'चाकमानी' ही 'चाकरमानी'वरची कोटी. चाकरी करणारा माणूस आणि त्यातच लपलेलं चाक. मराठी माणूस ऐकताक्षणी हसतो, आणि ऑफिसला जाणारे व सायकल दोन्ही एका शब्दात येतात. पण फोनच्या कसोटीत दहा जणांनी पाच स्पेलिंग पाठवली, `chakmani` पासून `chaakmaani` पर्यंत, आणि मराठी न येणाऱ्या मित्राने त्यात पैसे वाचले: 'चक मनी, ही भिशी आहे का?' मूळ शब्द ठाऊक नसेल तर कोटी कळत नाही, आणि कोटी समजावून सांगावी लागली की ती मेली. दोघांना 'चाकर' हा शब्द टोचला.

'सावकाश' सुचवलं तेव्हा ते कोणी गंभीरपणे घेतलं नव्हतं. सुचवणारीचं म्हणणं एवढंच होतं की रस्त्याच्या पाटीवर हा शब्द आधीच लिहिलेला असतो, तो आपण पाठीवर लिहू. मागून येणारा मोटारवाला वाचेल आणि वाचताच त्याचा अर्थ त्याला लागू होईल. क्लबचं नाव आणि गाडीवाल्याला विनंती एकाच शब्दात. नवख्याला दिलासाही त्याच शब्दात. सा-व-का-श: एकही जोडाक्षर नाही, वर-खाली मात्रा-उकार नाहीत. विभक्तीत रूप बदलत नाही. फोनवर सहा जणांनी `savkash`, तिघांनी `sawkash` आणि एकाने `saavkash` पाठवलं. v आणि w-चा घोळ मराठीला चुकत नाही.

खोडी याच्याही निघाल्या. ओरडण्याच्या कसोटीवर 'सावकाश!' ही सूचनाच आहे, मग ती चालते कशी? यावर आम्ही खूप बोललो. 'ब्रेक' ऐकून माणूस बोटं आवळतो, 'सावकाश' ऐकून पायडल मारणं थांबवतो. चुकून ऐकलं तर गट थोडा मंदावतो, कोणी कोणावर आदळत नाही. 'जा' चुकून ऐकण्याची किंमत वेगळी होती. तरी नियम केला की राइडमध्ये हाक माणसाच्या नावाने मारायची, क्लबच्या नाही. दुसरी खोड ऑफिसमधून आली: उशीर झाला की साहेब म्हणणार, 'तुम्ही सावकाशवाले ना?' ही खोड खरी आहे आणि तिला उत्तर नाही. आम्ही ती पत्करली. तिसरी शोधण्याची. हा रोजचा शब्द असल्यामुळे नुसता शोधला तर भलतंच समोर येतं, म्हणून हँडलमध्ये दुसरा शब्द जोडला: `savkashcycle`, १२ अक्षरं. `sawkashcycle` हेही घेऊन ठेवलं आणि तिथून पहिल्याकडे पाठवणारी एक ओळ लिहिली.

मतदानात या वेळी एकच नाव निवडायला सांगितलं नाही. जी नावं आपल्याला चालतील त्या सगळ्यांना मत द्या, असं सांगितलं, आणि सुचवणाऱ्याचं नाव झाकलं. १४ पैकी 'चाकमानी'ला ९, 'सावकाश'ला १२. मग ज्यांनी मत दिलं नाही त्या दोघांना विचारलं, हे नाव घालून फिरायला लाज वाटेल का? एक म्हणाला, नाही, फक्त मिळमिळीत वाटतं. एवढं चालतं. कोणी 'लाज वाटेल' म्हणालं असतं तर थांबलो असतो, कारण नाव अंगावर घालायचं होतं.

दुसऱ्याचं नाही ना, ते पाहा

हे काम एका संध्याकाळचं. दोन्ही लिप्यांत, सगळ्या स्पेलिंगनी शोधा. सायकल क्लबच नाही, तर धावणारे, ट्रेकिंगवाले, सायकलची दुकानं, वाहनचालक प्रशिक्षण देणाऱ्या संस्था, सगळं पाहा, कारण गोंधळ शेजारच्या क्षेत्रातच होतो. स्ट्राव्हा या राइड नोंदवायच्या अ‍ॅपवरचे क्लब वेगळे तपासा. संस्था नोंदवायची असेल तर तुमच्याकडच्या नोंदणी कार्यालयाच्या यादीत नाव आहे का ते बघा. सरकारी वाटणारे शब्द बऱ्याच ठिकाणी मनाई असलेले असतात. रोजच्या शब्दावर तुम्हालाही सहजासहजी मालकी सांगता येत नाही, हेही लक्षात असू द्या. उद्या कोणी 'सावकाश' नावाचा दुसरा क्लब काढला तर आम्ही फार तर चहाला बोलावू.

छापणं सगळ्यात शेवटी

नाव ठरलं की लोक आधी जर्सी छापायला टाकतात. थांबा. आम्ही सहा आठवडे नाव फक्त बोलण्यात आणि ग्रुपवर वापरलं. त्यात पाहायचं ते एवढंच, की सभासद आपणहून ते नाव घेतात की 'आपला सायकल ग्रुप' म्हणतात. तिसऱ्या आठवड्यात एकाने लिहिलं, 'आज सावकाशने आलो.' 'बसने आलो' म्हणावं तसं वापरलं, आणि मला कळलं की नाव रुजलं.

मग पाठीवर किती मोठं मावतं ते मोजलं. जाकिटाच्या पाठीवर छापायला साधारण २८ सेंटिमीटर रुंदी मिळते. त्यात सात रोमन अक्षरं बसवली की उंची साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास येते. पाट्या रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की अडीच सेंटिमीटरचं अक्षर तीन मीटरवरून आरामात आणि स्वच्छ उजेडात, फार तर तीस मीटरवरून कसंबसं वाचता येतं. म्हणजे आमचं अक्षर, हलत्या पाठीवर, वीस-पंचवीस मीटरवरून वाचता यावं. गाडी ताशी ५० आणि सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने चालली असेल, तर अंतर दर सेकंदाला जवळजवळ दहा मीटरने कमी होतं. चालकाला मिळतात दोन-अडीच सेकंद. तेवढ्यात एक शब्द वाचून होतो, तीन होतीलच असं नाही. लांब नावं इथे संपतात. देवनागरीत जोडाक्षरं असली तर लांबून नुसता डाग दिसतो. आम्ही नमुना कागदावर छापून एकाच्या पाठीला टाचला आणि पंचवीस पावलांवरून प्रत्येकाने वाचून पाहिला. देवनागरीतलं नावही दोन जाडींत करून पाहिलं. जास्त जाड असलेलं हरलं, कारण 'श'ची पोकळी बुजत होती.

आणखी एक गोष्ट छापणाऱ्याला सांगावी लागली. जाकिटाचा झगझगीत पिवळा रंग दिवसा काम करतो, उन्हातल्या अतिनील किरणांवर. रात्री तो जवळजवळ मेलेला असतो. रात्री दिसते ती परावर्तक पट्टी, गाडीच्या दिव्याचा उजेड परत फेकणारी. पहिल्या नमुन्यात छापणाऱ्याने नाव बरोबर पट्टीवर टाकलं होतं, कारण तिथे 'उठून दिसतं' म्हणे. काळी शाई पट्टी झाकते, आणि रात्री चालकाला माणूस कमी दिसतो. नाव खाली, दोन पट्ट्यांच्या मधल्या पिवळ्या जागेत घ्यायला लावलं. १४ जाकिटं आली. सायकली उभ्या करायच्या जागेचा अर्जही त्याच आठवड्यात पुन्हा लिहिला, आणि 'आम्ही, सावकाशचे सभासद' इथे हात थांबला नाही.